‘जून ते ऑगस्ट’चे तीन रकाने: पेरणी तक्त्याच्या फोटोवरून महिनेवार शीट

३ मे

हाताशी आहे तो एका भिंतीवरच्या पेरणी तक्त्याचा मोबाइलने काढलेला फोटो. ५२ पिकं आहेत. प्रत्येकापुढे एकच रकाना, ‘पेरणीचा काळ’, आणि त्यात ‘जून ते ऑगस्ट’, ‘ऑक्टो.–नोव्हें.’, ‘वर्षभर’ असं काहीबाही. भिंतीवर वाचायला हे ठीक आहे. पण ‘या महिन्यात काय काय पेरता येईल?’ असं विचारलं की ५२ ओळी डोळ्यांखालून घालाव्या लागतात. म्हणून प्रत्येक पिकापुढे जानेवारी ते डिसेंबर असे बारा रकाने करायचे आणि पेरणीच्या महिन्यात खूण करायची. मग जुलैचा रकाना गाळणी लावून पाहिला की काम झालं.

संध्याकाळभराचं काम वाटलं होतं. प्रत्यक्षात अकरा दिवस गेले. नोंदी ठेवतोय त्या यासाठीच, की दुसऱ्या कुणाला हे करायचं असेल तर निदान त्याच खड्ड्यात पाय पडू नये.

४ मे

आधी फोटोतला मजकूर आपोआप उचलता येतो का ते पाहिलं. `tesseract` मराठीसाठी चालतं, म्हणून:

```
tesseract takta.png takta -l mar --psm 6
```

पिकांची नावं बऱ्यापैकी आली. महिन्यांचा रकाना मात्र पार विस्कटला. तक्त्याच्या उभ्या रेघा अक्षरांत मिसळून काने होऊन बसल्या. बारीक आडव्या रेघा, म्हणजे महिन्यांमधली ‘–’ ही खूण, बऱ्याच ठिकाणी गळून पडली. हे शेवटचं सगळ्यात घातक. ‘जून–ऑगस्ट’मधली रेघ गेली की ‘जून ऑगस्ट’ उरतं, आणि मग तो सलग तीन महिन्यांचा काळ आहे की जून आणि ऑगस्ट हे दोन सुटे महिने, हे त्या मजकुरावरून कळायला मार्ग नाही. तक्त्यात दोन्ही प्रकार आहेत. काही पिकांपुढे स्वल्पविराम देऊन सुटे महिने लिहिलेत.

फोटो सरळ केला, रंग काढून काळा-पांढरा केला, महिन्यांचा रकाना वेगळा कापून पुन्हा चालवला. सुधारणा झाली, पण प्रत्येक ओळ फोटोशी ताडून पाहावीच लागणार होती. ताडायचीच असेल तर टाइप का करू नये? पाच तास गेल्यावर हा प्रश्न सुचला.

५ मे

हाताने टाइप केलं. मी निम्म्या ओळी केल्या, ताईने फोनवरून निम्म्या. दोघांचे मिळून सव्वादोन तास. पन्नास-साठ ओळींच्या तक्त्यासाठी माझं मत आता पक्कं आहे: हातानेच टाइप करा. पाचशे ओळी असत्या तर वेगळं बोललो असतो.

एक गोष्ट मात्र बरी केली. फोटोत जसं आहे तसंच टाइप करायचं, सुधारायचं नाही, असं आधी ठरवलं. ‘ऑक्टो.’ असेल तर ‘ऑक्टो.’च, ‘मे अखेर’ असेल तर ‘मे अखेर’च. हा रकाना ‘फोटोतला मजकूर’ या नावाने कायम ठेवला आणि सुरुवातीचा व शेवटचा महिना त्याच्या शेजारी वेगळ्या रकान्यांत काढला. पुढे किती वेळा या मूळ रकान्याकडे परत जावं लागलं ते मोजलं नाही.

मांडणी अशी: A पीक, B फोटोतला मजकूर, C सुरुवातीच्या महिन्याचा क्रमांक, D शेवटच्या महिन्याचा क्रमांक, E शेरा. F पासून पुढे बारा महिने, पहिल्या ओळीत १ ते १२. एका पिकाला दोन काळ असतील तर दोन ओळी. भेंडीपुढे ‘जून–जुलै, जाने.–फेब्रु.’ आहे, तर भेंडीच्या दोन ओळी झाल्या. एकाच ओळीत दोन काळ कोंबायचा प्रयत्न आधी केला होता. सूत्र इतकं लांबलं की मलाच दुसऱ्या दिवशी कळेना.

मोजदाद: ३८ पिकांना एक काळ, ९ पिकांना दोन, एकाला तीन, दोघांपुढे ‘वर्षभर’, आणि दोघांपुढे महिना नाहीच, नुसतं ‘खरीप’. सगळ्या मिळून ६३ ओळी.

६ मे

महिन्याच्या नावावरून क्रमांक काढायला एका कोपऱ्यात छोटी यादी केली. त्यात पूर्ण नावं आणि तक्त्यातली लघुरूपं, दोन्ही. ‘सप्टेंबर’ आणि ‘सप्टें.’ दोघांसमोर ९. मग `INDEX` आणि `MATCH`. लघुरूपामागचा टिंब कधी आहे, कधी नाही, म्हणून तो यादीतून आणि मजकुरातून आधी काढून टाकला.

तरीही ऑगस्ट आणि ऑक्टोबर असलेल्या काही ओळींत `#N/A` येत राहिलं. शब्द डोळ्यांना अगदी सारखे. मागची-पुढची मोकळी जागा काढून झाली, फरक नाही. अर्धा तास डोकं खाजवल्यावर `LEN` लावून पाहिलं: एका ‘ऑगस्ट’ची लांबी ५, दुसऱ्याची ६. तेव्हा उलगडलं. ताईच्या फोनवर ‘ऑ’ हे एक अक्षर म्हणून न उमटता ‘अ’ आणि त्यावर वेगळी अर्धचंद्राची मात्रा असं दोन तुकड्यांत उमटत होतं. दिसायला तेच, पण शीटच्या लेखी दोन वेगळे शब्द. उपाय एका ओळीचा:

```
=SUBSTITUTE(B2,UNICHAR(2309)&UNICHAR(2377),UNICHAR(2321))
```

बाकी महिन्यांना हा त्रास नाही, कारण ‘ऑ’ने सुरू होणारे महिने दोनच. अडचण फक्त ऑगस्ट-ऑक्टोबरलाच येत होती, यावरूनच मला आधी शंका यायला हवी होती.

७ मे, सकाळ

आता खरं काम: काळ उलगडायचा. पहिलं सूत्र जे कुणालाही सुचेल तेच लिहिलं. महिना सुरुवातीपेक्षा मोठा किंवा तितकाच, आणि शेवटापेक्षा लहान किंवा तितकाच, तर १.

```
=IF(AND(F$1>=$C2,F$1<=$D2),1,"")
```

‘जून ते ऑगस्ट’ला ६, ७, ८ या रकान्यांत बरोबर १ आले. ओढून सगळ्या ओळींना लावलं. नऊ ओळी पूर्ण कोऱ्या राहिल्या. त्यातलं पहिलं पीक कलिंगड, ‘डिसेंबर ते फेब्रुवारी’. सुरुवात १२, शेवट २. बारापेक्षा मोठा आणि दोनपेक्षा लहान असा महिना कुठून येणार?

इथे मी एक घोडचूक केली. घाईत वाटलं की C आणि D उलटे पडलेत, म्हणून सूत्रात लहान संख्या सुरुवात आणि मोठी संख्या शेवट धरायला `MIN` आणि `MAX` घातले. ओळी भरल्या. कोऱ्या जागा गेल्या म्हणून मी खूश. कलिंगडापुढे फेब्रुवारी ते डिसेंबर असे अकरा महिने भरलेत हे तासाभराने दिसलं. मार्च ते नोव्हेंबर हे नऊ महिने तक्ता टाळायला सांगतो, तेच माझ्या शीटने पेरायला सांगितले होते. आधीचं कोरं सूत्र निदान प्रामाणिक होतं. काही जमलं नाही हे दिसत तरी होतं.

७ मे, रात्र

वर्ष हा सरळ दोर नाही, घड्याळाची तबकडी आहे, असं धरलं की सुटतं. डिसेंबरच्या पुढे जानेवारी. मग प्रश्न ‘हा महिना दोघांच्या मध्ये आहे का?’ असा राहत नाही. तो असा होतो: सुरुवातीपासून पुढे चालत गेलं तर हा महिना किती पावलांवर आहे, आणि शेवट किती पावलांवर आहे?

```
=IF(MOD(F$1-$C2,12)<=MOD($D2-$C2,12),1,"")
```

कलिंगडावर हाताने तपासलं. शेवट वजा सुरुवात, २ − १२ = −१०; बारावर गुंडाळलं की २. म्हणजे शेवट दोन पावलांवर. डिसेंबर शून्य पावलांवर, आत. जानेवारी: १ − १२ = −११, गुंडाळून १, आत. फेब्रुवारी २, आत. मार्च ३, बाहेर. ‘जून ते ऑगस्ट’लाही तेच सूत्र चालतं, वेगळी अट नको. ‘वर्षभर’ला सुरुवात १, शेवट १२ दिलं की बाराही भरतात.

एक इशारा. शीटमधलं `MOD` ऋण संख्येला गुंडाळून धन उत्तर देतं, पायथनमधलं `%` सुद्धा. जावास्क्रिप्टमध्ये मात्र `-10 % 12` चं उत्तर −१० येतं. तिथे हेच लिहिणार असाल तर आधी १२ मिळवा आणि मग भाग द्या.

८ मे

सगळं झालं असं समजून डिसेंबरचा रकाना गाळून पाहिला. त्यात ‘खरीप’ लिहिलेली दोन्ही पिकं हजर! त्यांच्यापुढे महिने नव्हतेच, C आणि D रिकामे होते. मग डिसेंबर आला कुठून, आणि डिसेंबरच का?

रिकाम्या चौकटीला सूत्र शून्य धरतं. शेवट वजा सुरुवात, शून्य. डिसेंबर म्हणजे १२ वजा शून्य, बारावर गुंडाळलं की तेही शून्य. शून्य हे शून्यापेक्षा मोठं नाही, म्हणून खूण. जानेवारीला १, फेब्रुवारीला २, ते बाहेर. म्हणून प्रत्येक रिकाम्या ओळीला नेमका डिसेंबर, फक्त डिसेंबर. दोनच ओळी होत्या म्हणून दिसलं. वीस असत्या तर ‘डिसेंबरमध्ये पुष्कळ काही पेरतात बुवा’ म्हणून मी पुढे गेलो असतो.

सूत्राच्या आधी पहारा बसवला: C किंवा D रिकामं असेल तर काहीच भरू नकोस.

त्याच दोन पिकांवर उरलेला दिवस गेला. तक्त्याच्या तळाशी बारीक अक्षरांत खुलासा होता, ‘खरीप: जून ते ऑक्टोबर’. हात शिवशिवले, ६ आणि १० टाकले की झालं. ताईने अडवलं. ती म्हणाली, “अरे, तो हंगाम झाला, पेरणी नव्हे. पेरून, वाढवून, काढून घरात आणेपर्यंतचा सगळा काळ म्हणजे खरीप. ऑक्टोबरात कोण खरीप पेरतं?”

अगदी खरं. खरिपाची पेरणी पावसाच्या सुरुवातीला होते, ऑक्टोबर हा बहुतेक खरीप पिकांच्या काढणीचा. हंगामाचे पाचही महिने पेरणीच्या रकान्यांत भरले असते तर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरा असा सल्ला शीटने दिला असता. ‘जून ते ऑगस्ट’ आणि ‘खरीप’ दोन्ही कालावधीच दिसतात, पण पहिला पेरणीचा आणि दुसरा पिकाच्या अख्ख्या मुक्कामाचा. ही दोन पिकं मी भरलीच नाहीत. शेऱ्यात ‘फक्त हंगाम दिला आहे’ असं लिहिलं.

९ मे

आज पंधरवड्यांची पंचाईत. अकरा ओळींत महिना पूर्ण नाही: ‘१५ जून ते १५ ऑगस्ट’, ‘मे अखेर ते जुलै’, ‘मध्य सप्टेंबर’ असे. आतापर्यंत मी यांना आख्खा महिना देऊन टाकला होता. ‘१५ जून ते १५ ऑगस्ट’ हा दोन महिन्यांचा काळ माझ्याकडे तीन महिन्यांचा झाला होता, म्हणजे दीडपट.

पर्याय दोन होते. अर्धा महिना आला की तो आख्खा धरायचा आणि शेऱ्यात खरं लिहायचं. किंवा बारा रकान्यांमागे चोवीस पंधरवडे ठेवायचे. शेरा कुणी वाचत नाही हे स्वतःवरूनच माहीत आहे. चोवीस केले.

जानेवारीचा पहिला पंधरवडा १, दुसरा २, असं करत डिसेंबरचा दुसरा २४. जूनचे ११ आणि १२, ऑगस्टचे १५ आणि १६. नियम इतकाच की नुसता महिना सुरुवातीला आला तर त्याचा पहिला पंधरवडा, शेवटी आला तर दुसरा. म्हणून ‘जून ते ऑगस्ट’ म्हणजे ११ ते १६. ‘१५ जून’ सुरुवातीला आला तर १२, ‘१५ ऑगस्ट’ शेवटी आला तर १५. ‘मे अखेर’ सुरुवातीला असेल तर १०. ‘मध्य सप्टेंबर’ एकटाच होता. त्याला १७ ते १८, म्हणजे आख्खा महिनाच दिला, कारण मध्य हा दोन्ही पंधरवड्यांच्या सांध्यावर पडतो.

सूत्र तेच, बाराच्या जागी चोवीस:

```
=IF(OR($C2="",$D2=""),"",IF(MOD(F$1-$C2,24)<=MOD($D2-$C2,24),1,0))
```

‘१५ जून ते १५ ऑगस्ट’ला १२, १३, १४, १५ हे चार पंधरवडे भरले. कलिंगड २३ ते ४, सहा पंधरवडे. दोन्ही बरोबर. या पानाला ‘पंधरवडे’ नाव दिलं. F ते AC चोवीस रकाने, ओळी २ ते ६४.

११ मे

काल हात लावला नाही. आज पंधरवड्यांचे महिने करायचे आणि एकाच पिकाच्या दोन-तीन ओळी एकत्र आणायच्या.

महिन्याच्या चौकटीत काय लिहायचं ते असं ठरवलं: पहिला पंधरवडा असेल तर १, दुसरा असेल तर २, दोन्ही असतील तर ३, काहीच नसेल तर ०. म्हणजे पहिला अधिक दुसऱ्याची दुप्पट. ‘१५ जून ते १५ ऑगस्ट’ असं दिसतं: जून २, जुलै ३, ऑगस्ट १. वाचायची सवय पाच मिनिटांत होते.

पहिल्यांदा पिकाच्या सगळ्या ओळींची बेरीज घेतली. एका पिकापुढे जुलैत ६ आलं. असा आकडा असूच शकत नाही. पाहतो तर त्याचे दोन काळ एकमेकांवर चढलेले: ‘जून–जुलै’ आणि ‘जुलै–ऑगस्ट’, बहुधा दोन वेगळ्या वाणांसाठी. जुलै दोनदा मोजला गेला. बेरजेऐवजी त्या पंधरवड्यातला सर्वांत मोठा आकडा घेतला की दोनदा असला तरी एकदाच धरला जातो.

मग दुसरी फजिती. जूनच्या चौकटीत P आणि Q हे दोन रकाने जोडणारं सूत्र लिहिलं आणि उजवीकडे ओढलं. सूत्र ओढलं की रकाना एकाने सरकतो, मला हवा होता दोनाने. जुलैने R आणि S ऐवजी Q आणि R घेतले, म्हणजे जूनचा दुसरा आणि जुलैचा पहिला पंधरवडा. जून बरोबर होता, आणि मी जूनच तपासला होता. डिसेंबरपर्यंत जाता जाता सगळे महिने सरकत गेलेले. कलिंगडापुढे डिसेंबरच्या चौकटीत ० दिसलं तेव्हा ध्यानात आलं. रकान्याचं अक्षर न लिहिता महिन्याच्या क्रमांकावरून रकाना शोधायला लावला:

```
=MAXIFS(INDEX(पंधरवडे!$F$2:$AC$64,0,2*B$1-1),पंधरवडे!$A$2:$A$64,$A2)
+2*MAXIFS(INDEX(पंधरवडे!$F$2:$AC$64,0,2*B$1),पंधरवडे!$A$2:$A$64,$A2)
```

B1 पासून M1 पर्यंत १ ते १२ लिहिलेले आहेत. `INDEX` मधलं मधलं शून्य म्हणजे ‘आख्खा रकाना दे’.

‘खरीप’वाली दोन पिकं इथे पुन्हा आडवी आली. त्यांच्या पंधरवड्यांत काहीच नाही, तर `MAXIFS` शून्य देतं, आणि शून्याचा अर्थ आपण ‘या महिन्यात पेरू नये’ असा ठरवलाय. माहीत नाही आणि पेरू नये, या दोन गोष्टी एका शून्यात जाता कामा नयेत. त्यांच्या बाराही चौकटींत ‘?’ टाकलं. दोनच ओळी, हाताने टाकलं. यासाठी सूत्र लांबवलं नाही.

१३ मे

तपासणी. आजचा दिवस सगळ्यात कामाचा ठरला.

आधी ६३ ओळी लांबीनुसार लावल्या. सोळा किंवा त्याहून जास्त पंधरवडे असलेल्या ओळी वर आल्या: ‘वर्षभर’ची दोन पिकं, आणि एक ओळ बावीस पंधरवड्यांची. ती टाइप करताना उलटी झालेली निघाली, ‘जून–ऑगस्ट’ऐवजी मी ‘ऑगस्ट–जून’ केलं होतं. ऑगस्टपासून पुढे चालत जूनपर्यंत म्हणजे अकरा महिने. गोल सूत्राचा हा एक तोटा आहे: उलटा काळही ते निमूटपणे भरतं, तक्रार करत नाही. म्हणून लांबीने लावून वरच्या ओळी पाहणं सोडू नका.

एक-दोन महिन्यांच्या चुका मात्र लांबीने सापडत नाहीत. त्यासाठी उलट वाचन केलं. ताईने महिनेवार शीटवरून मोठ्याने वाचायचं, मी फोटोकडे पाहायचं. ती म्हणायची, “भेंडी: जानेवारी, फेब्रुवारी पूर्ण, जून, जुलै पूर्ण,” आणि मी फोटोत ‘जून–जुलै, जाने.–फेब्रु.’ शोधायचं. वाचताना ‘फोटोतला मजकूर’ हा रकाना लपवून ठेवला, कारण तो माझ्याच हातचा. टाइप करतानाची चूक त्याच्याशी ताडली तर ती बरोबरच दिसणार.

पन्नास मिनिटं लागली, तीन चुका सापडल्या. दोन ‘जून’ आणि ‘जुलै’च्या: फोटोवर दिव्याचा चकाकता डाग पडलाय तिथे शब्दाचा मागचा भाग धुऊन निघालाय, नुसता ‘जु’ दिसतो. तो ऱ्हस्व की दीर्घ हे मोठं करूनही ठरेना, आणि मी दोन्हीकडे सवयीने ‘जून’ लिहिलं होतं. तिसरी चूक ओळ सरकल्याची. तक्त्यात दोडका आणि कारलं यांच्यासाठी मिळून एकच मोठी चौकट आहे आणि महिने तिच्या मधोमध लिहिलेत. ते मी फक्त कारल्याला दिले, आणि दोडक्याला वरच्या ओळीतले महिने चिकटले.

ज्यांच्या भिंतीवर तक्ता आहे त्यांच्याकडून त्या डागाच्या भागाचा फोटो पुन्हा मागवला. या वेळी दिवा बंद करून, थोडं बाजूला उभं राहून काढा म्हटलं. फोटो तिरपा आला, पण अक्षर स्वच्छ. दोन्ही ठिकाणी ‘जुलै’ होतं. पहिला फोटो घेतानाच हे सांगितलं असतं तर एवढं रामायण झालं नसतं.

१४ मे

दुरुस्त्या झाल्या. महिनेवार पानावर ३ ला गडद, १ आणि २ ला फिका रंग दिला. ० पांढरा, ‘?’ करडा. गाळणी लावताना ‘० सोडून सगळे’ असं निवडलं तर करडी ‘?’ पिकंही येतात. ती येऊ देतोय, निदान कुणीतरी त्यांचे पेरणीचे महिने कळवेल.

‘फोटोतला मजकूर’ हा रकाना महिनेवार पानावरही पिकाच्या नावाशेजारी आणून ठेवला. दोन काळ असतील तर दोन्ही, जसेच्या तसे. कालपासून शीट चार जणांकडे गेलीय. एकाने विचारलंय की काढणीचेही असेच रकाने होतील का. फोटोत काढणीचा रकाना आहे, पण त्यात ‘६०–७० दिवसांनी’ असं लिहिलंय. दिवसांचे महिने करायचे तर ते पेरणीच्या प्रत्येक पंधरवड्यापासून मोजावे लागतील. ते या शीटमध्ये नाही घालणार.